भडका चार वाजता उडतो, राग सकाळपासून चढत असतो

एप्रिल संपत आला की देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरीच्या पट्ट्यात आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये दुपारी तीन ते सहा ही सगळ्यात कठीण वेळ. सकाळी उतरवलेला आंबा निवडून, वजनाप्रमाणे लावून पेट्यांत भरायचा असतो आणि वाशीच्या बाजारात पहाटे पोचणारी गाडी वेळेवर सोडायची असते. गाडी चुकली की माल एक दिवस मागे पडतो आणि पिकायला लागलेलं फळ कोणासाठी थांबत नाही. ही सगळी जबाबदारी ज्याच्या डोक्यावर असते तो शेडचा सुपरवायझर. मालक बागेत किंवा फोनवर असतो, कामगार शेडमध्ये असतात आणि हा दोघांच्या मधे.

अशाच एका सुपरवायझरचं उदाहरण घेऊन राग हा विषय समजून घेऊ. माणूस मनाने वाईट नाही, कामात हुशार आहे, पण ताण आला की तुटून पडतो. हे उदाहरण अनेक शेडमध्ये घडतं तशा गोष्टी एकत्र करून रचलेलं आहे, कोण्या एका माणसाची ही हकिकत नव्हे. त्याला इथे ‘दादा’ म्हणू, कारण शेडमध्ये त्याला सगळे तेच म्हणतात.

त्या दिवशी दादा पहाटे साडेचारला उठला, कारण रात्री वारा सुटला होता आणि बागेत किती फळ पडलं ते बघायचं होतं. नऊ वाजता वाशीहून दलालाचा फोन आला, दर उतरलाय. साडेअकराला लाइट गेली, दोन वाजेपर्यंत पंखे बंद. जेवायला बसणार तेवढ्यात मालकाचा फोन आला आणि डबा तसाच राहिला. साडेतीनला ड्रायव्हर म्हणाला, गाडी तासभर उशिरा येईल. सव्वाचारला दादाच्या लक्षात आलं, की पेट्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या नव्या मुलाने चाळीस पेट्यांवर पाच डझनाच्या जागी चार डझनाची चिठ्ठी लावली आहे.

दादा सगळ्यांसमोर ओरडला, “डोळे फुटले काय रे तुझे? सकाळपासून काय करतंस? उद्यापासून येव नको!” एक पेटी त्याने पायाने बाजूला सारली. मुलगा खाली मान घालून चिठ्ठ्या काढायला लागला. अर्ध्या तासात चाळीसच्या चाळीस पेट्या दुरुस्त झाल्या आणि गाडीही गेली. दादाच्या हिशेबात प्रकरण तिथे मिटलं.

पण एक गोष्ट त्याला कळलीच नाही. निवडणीला बसलेल्या काकींना साडेचारच्या सुमारास एका क्रेटच्या तळाचे आंबे दमट लागले होते. पहाटेच्या दवात उतरवलेलं फळ नीट सुकायच्या आत पेटीत गेलं, की प्रवासात त्यावर डाग पडतात आणि पुढे ते कुजतं. एरवी काकींनी हाक मारून सांगितलं असतं, “दादा, खालचो क्रेट ओलो वाटता.” त्या दिवशी त्यांनी दादाचा चेहरा बघितला आणि गप्प बसल्या. तो माल तसाच भरला गेला. दुसऱ्या दिवशी दलालाने त्यातल्या पेट्या डागी म्हणून दर पाडून घेतल्या.

चिठ्ठीच्या चुकीची किंमत अर्धा तास होती. ओरडण्याची किंमत त्याहून कितीतरी जास्त, आणि ती दादाच्या वहीत कुठेच लिहिली जाणार नाही. माझ्या मते टीमच्या प्रमुखाच्या रागाचं खरं नुकसान हेच, की त्याच्यापर्यंत वाईट बातमी पोचायची थांबते. मन दुखावणं, अपमान होणं या गोष्टी लहान नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे येईलच. पण चुका लवकर कळल्या नाहीत तर शेड चालवता येत नाही, हे कठोरातला कठोर माणूसही मान्य करील.

शेवटच्या माणसावर सगळ्यांचा हिशेब

दादाला त्या क्षणी विचारलं असतं, की एवढा का चिडलास, तर त्याने चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं असतं. आणि ते त्याला मनापासून खरं वाटलं असतं. इथेच फसगत आहे.

डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात यावर बरंच काम केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एखाद्या घटनेने शरीर खवळतं, म्हणजे छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, स्नायू ताठ होतात. घटना संपली म्हणून ही खवळ लगेच उतरत नाही, हळूहळू उतरते. ती पुरती उतरायच्या आत दुसरं काही घडलं, तर आधीची शिल्लक नव्या घटनेच्या खात्यात जमा होते. माणसाला मात्र वाटतं, की सगळा राग याच शेवटच्या गोष्टीचा आहे.

झिलमनचे प्रयोग काही मिनिटांच्या अंतराचे होते. सकाळी नऊचा फोन दुपारी चारपर्यंत जसाच्या तसा अंगात राहतो, असा त्याचा अर्थ काढू नये. पण दादाच्या दिवसात एक गोष्ट उतरेपर्यंत दुसरी येतच राहिली. त्यात झोप अपुरी, पोट रिकामं, शेडमध्ये उकाडा. अशा अंगाला खाली यायला जागाच मिळत नाही. सव्वाचारला मुलाची चूक बघणारा दादा सकाळच्या दादापेक्षा शरीरानेच वेगळा होता. हीच चूक सकाळी आठला झाली असती, तर तो म्हणाला असता, “अरे, बघ जरा नीट,” आणि पुढे गेला असता.

आंबा आढीत पिकत घातलेला असतो तेव्हा वरून पेंढा तसाच दिसतो, पण आत ऊब वाढत असते. जाणता माणूस रंग दिसायची वाट बघत नाही, तो मधून मधून हात घालून बघतो. रागाचंही असंच आहे. तो दिसायला लागला की उशीर झालेला असतो, म्हणून तो दिसायच्या आधी तपासावा लागतो.

आपला राग आपल्याला कुठे लागतो

रागाला शून्य ते दहा असे आकडे द्यायची पद्धत समुपदेशनात सर्रास वापरतात, कारण ती खरंच उपयोगी पडते. शून्य म्हणजे शांत, दहा म्हणजे सुटलेला तोल. बहुतेक चिडक्या माणसांना आपला एक आणि आपला आठ तेवढा माहीत असतो. मधले आकडे त्यांना जाणवतच नाहीत, म्हणून “अचानक भडका उडाला” असं ते म्हणतात. सगळं शिकणं या मधल्या आकड्यांचं आहे, विशेषतः तीन ते पाचचं. तिथे माणसाला अजून निवड करता येते. सातच्या पुढे नजर आखडते, समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीतीसुद्धा उद्धटपणासारखी दिसू लागते आणि शिकलेलं काही आठवत नाही.

हे आकडे शोधायचे कसे? रागाचा प्रसंग होऊन गेल्यावर, डोकं शांत असताना, घड्याळ उलटं फिरवत जायचं. ओरडण्याच्या पाच मिनिटं आधी मी काय करत होतो? अर्ध्या तासापूर्वी? जेवणाच्या वेळी? दादाने असं केलं असतं तर त्याला काय सापडलं असतं? साडेतीनला ड्रायव्हरचा फोन ठेवताना त्याने दात आवळले होते. त्यानंतर तो शेडमध्ये शिरला आणि वजनाच्या काट्यावर बसलेल्या माणसाच्या हातातून आंबा घेऊन स्वतःच तोलायला लागला. कोणीतरी काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं नाही. मग त्याच्या मनात एक वाक्य आलं: “इथे मी सोडून कोणाला कशाची पडलेलीच नाही.”

या चार गोष्टी नीट बघा. दात आवळणं ही शरीराची खूण. दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेणं आणि प्रश्नाला उत्तर न देणं या वागण्याच्या खुणा. आणि ते वाक्य ही विचाराची खूण. प्रत्येकाच्या खुणा निराळ्या असतात. कोणाचे कान तापतात, कोणाचं बोलणं भरभर होतं, कोणी एकदम गुळगुळीत आणि तुटक बोलायला लागतो. पण विचारांची खूण बऱ्याच जणांत सारखी सापडते: ‘नेहमी’, ‘कोणालाच’, ‘मुद्दाम’ हे शब्द मनात यायला लागतात. माझा अनुभव असा, की प्रमुखाच्या जागेवरच्या माणसाला शरीराच्या खुणांपेक्षा वागण्याच्या खुणा लवकर पकडता येतात, कारण धावपळीत अंगाकडे लक्ष नसतं, पण आपण दुसऱ्याच्या हातातली वस्तू घेतली हे लक्षात येतं.

दोन आठवडे एक छोटी वही खिशात ठेवावी. वेळ, काय झालं, आकडा, अंगात काय जाणवलं, मनात काय आलं, एवढंच लिहायचं. यात एक चूक हमखास होते: लोक फक्त भडका उडाल्यावर लिहितात. मग वहीत सगळे आठ आणि नऊ. म्हणून ठरलेल्या वेळी लिहायचं, राग असो वा नसो. दादासाठी सकाळी दहा, जेवणाआधी, तीन वाजता आणि गाडी सुटल्यावर. चार ओळी होतात. आठवड्याभरात चित्र दिसायला लागतं. दादाच्या बाबतीत बहुधा असं दिसलं असतं, की ज्या दिवशी डबा राहिला आणि दलालाचा फोन वाईट आला, त्या दिवशी तीन वाजताचा आकडा आधीच पाच असतो. मग चारला मुलाने काय केलं हा प्रश्न जवळजवळ गौण ठरतो.

आणखी एक वाट आहे, जरा अवघड पण खात्रीची. ज्याच्यावर भरवसा आहे आणि ज्याची मजुरी आपल्या हातात नाही अशा माणसाला विचारायचं, “मी चिडायच्या आधी तुला काय दिसतं?” दादाला हे गाडीवाल्याला किंवा बागेच्या जुन्या मुकादमाला विचारता येईल. बाहेरच्याला ते आपल्याआधी दिसतं. एखादी खूणही ठरवता येते. मुकादमाने नुसतं म्हणायचं, “दादा, जरा पाणी पिवन येवा.” मात्र ही जबाबदारी हाताखालच्या मुलावर किंवा काकींवर टाकू नये. चिडलेल्या वरिष्ठाला थांबवायचं काम ज्याचं पोट त्याच्यावर अवलंबून आहे त्याला देणं अन्याय आहे.

आकडा चार झाला, आता काय

राग बाहेर काढून टाकला की मोकळं वाटतं, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. “मी मनात ठेवत नाही, बोलून मोकळा होतो,” असं अभिमानाने सांगणारे प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक घरात आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन याने २००२ साली याची सरळ परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना आधी चिडवलं गेलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं गप्प बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग सगळ्यात जास्त राहिला. काहीच न करता बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. पुढे २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी कियेरविक यांनी अशा १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष तोच निघाला: शरीराची खवळ खाली आणणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो, खवळ वाढवणाऱ्या गोष्टींनी एकूण फरक पडत नाही. धावण्याने तर राग थोडा वाढण्याकडेच कल दिसला. व्यायाम तब्येतीला चांगलाच, पण राग शमवण्याचं औषध म्हणून तो चालत नाही.

तेव्हा चारच्या आकड्याला करायचं काम म्हणजे अंग खाली आणणं. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा, साधारण चार मोजून आत आणि सहा-सात मोजून बाहेर, दोन-तीन मिनिटं. शक्य असेल तर जागा सोडायची, पण सांगून: “दहा मिनिटांत येतो, तोवर पेट्या तशाच ठेवा.” न सांगता ताडकन निघून जाणं हेही मागे राहिलेल्यांना भीतीदायक वाटतं. आणि बाहेर पडल्यावर त्याच गोष्टीचा विचार घोळवत फणसाच्या झाडाखाली सिगरेट ओढत उभं राहिलं, तर दहा मिनिटांनी माणूस आणखी तापून परत येतो. लक्ष दुसऱ्या साध्या कामात घालायचं. विहिरीवर हात-पाय धुवावेत, डबा खावा.

गिळून टाकणं हा मार्ग नाही, हेही सांगायला हवं. चेहरा शांत ठेवून आत धुमसत राहिलं, तर दिसणं बदलतं पण अंगाची खवळ कमी होत नाही, उलट काही बाबतीत वाढते असं मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉसच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यापेक्षा उपयोगी आहे प्रश्न बदलणं. “याने असं का केलं?” या प्रश्नात आरोप भरलेला आहे. “चिठ्ठी लावताना याला समोर काय दिसत होतं?” असं विचारलं की माहिती मिळते. दादाने विचारलं असतं तर कळलं असतं, की चार आणि पाच डझनाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे एकाच टेबलावर, एकाच रंगाचे होते आणि लाइट गेल्यावर त्या कोपऱ्यात अंधार होता.

शांत असतानाच एक वाक्य ठरवून ठेवावं. “शांत राहायचं” असा निश्चय टिकत नाही, कारण कधी आणि काय करायचं ते त्यात नाही. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा रूपात ठरवलेली गोष्ट माणूस जास्त वेळा पाळतो. दादासाठी: “मी कोणाच्या हातातलं काम ओढून घेतलं, की ते परत देऊन पाणी प्यायला बाहेर जाईन.” खूण अगदी ठरावीक, कृती अगदी लहान.

पण श्वास आणि पाणी यांच्यापेक्षाही मोठा फरक व्यवस्था बदलल्याने पडतो आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. जेवण एक वाजता, मालकाचा फोन असला तरी परत करायचा. चिठ्ठ्यांना दोन रंग. पहिल्या पाच पेट्या झाल्या की दुसऱ्याने तपासायच्या, म्हणजे चूक चाळीसवर न जाता पाचवर सापडेल. यात कुठेही रागाचा उल्लेख नाही, तरी रागाचे निम्मे प्रसंग इथेच गळून पडतात.

ओरडून झालं, आता दुरुस्ती

हे सगळं शिकूनही एखाद्या दिवशी तोंड सुटतं. त्यानंतर आपल्याकडे बहुतेक प्रमुख काय करतात? काहीच झालं नाही असं दाखवतात, किंवा संध्याकाळी सगळ्यांना वडापाव आणि चहा मागवतात. वडापावामागे चांगली भावना असते हे मला मान्य आहे. पण त्यातून मुलाला काय कळतं? दादाला वाईट वाटलं असावं, एवढंच. आपण उद्या कामावर यायचं की नाही, हे त्याला अजून माहीत नसतं.

माफी कशी असावी यावर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माफीचे सहा भाग त्यांनी वेगळे केले: खेद व्यक्त करणं, काय चुकलं ते सांगणं, जबाबदारी घेणं, पुन्हा होणार नाही म्हणणं, नुकसान भरून देण्याची तयारी आणि क्षमा मागणं. लोकांना सगळ्यात महत्त्वाची वाटली ती जबाबदारी घेणं, त्यानंतर नुकसान भरून देणं. सगळ्यात कमी महत्त्वाचं ठरलं ते क्षमा मागणं. हा अभ्यास कागदावरच्या काल्पनिक प्रसंगांवर होता, कोकणातल्या शेडमध्ये नव्हे. तरी त्याचा शेवटचा निष्कर्ष मला इथे तंतोतंत लागू वाटतो. मजुरी ज्याच्या हातात आहे तो “मला माफ कर” म्हणाला, तर मुलगा “नाय दादा, चलता” याशिवाय दुसरं काय म्हणणार? ती क्षमा नसते, सुटका असते.

म्हणून माफीच्या नावाखाली त्याच्याकडून काही मागू नये. आधी स्वतःचं अंग थंड होऊ द्यावं, निदान वीस मिनिटं, नाहीतर माफी मागतानाच पुन्हा आवाज चढतो. दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधीची वेळ चांगली, त्यापेक्षा लांबवू नये. आधी त्या मुलाशी एकट्याने, उभ्या उभ्या, थोडक्यात. दादाच्या मालवणीत ते असं होईल:

“काल चिठ्ठ्यांवरसून मी तुका सगळ्यांच्या देखत नको ता बोललंय. ‘डोळे फुटले’ म्हटलंय, ‘येव नको’ म्हटलंय. ता माझा चुकला. तुझा काम जावचा नाय. चिठ्ठ्यांचा काय झाला ता दुपारी दोघां बसान बघूया. पण माझ्या बोलण्यात तुझी काय चूक नाय.”

यात काय केलंय ते बघण्यासारखं आहे. स्वतःचे शब्द त्याने जसेच्या तसे उच्चारले. “काल जरा जास्त बोललो” म्हटलं असतं तर मुलाने जे ऐकलं ते पुसट झालं असतं. कामाची भीती घातली होती, ती स्पष्टपणे परत घेतली. आणि चिठ्ठीच्या चुकीचा विषय सोडला नाही, पण वेगळ्या वेळेवर टाकला. हे महत्त्वाचं आहे, कारण “माझं चुकलं, पण तूही लक्ष द्यायला हवं होतंस” या वाक्यात ‘पण’च्या आधीचं सगळं वाया जातं. उष्मा, दर, लाइट ही कारणंही इथे सांगायची नाहीत. ती खरी असली तरी ऐकणाऱ्याला त्यांचा अर्थ एकच लागतो: लाइट गेली की पुन्हा असंच होणार. आणि “माझा स्वभावच असा, मनात काही नसतं” हे तर माफीच्या बरोबर उलट आहे.

त्यानंतर सगळ्यांसमोर दोन वाक्यं. अपमान चारचौघांत झाला, तर त्याची भरपाई कोपऱ्यात होत नाही. “काल मी ओरडलो ते चुकीचं होतं, मी त्याच्याशी बोललोय. कोणाला मालात काही दिसलं तर मी कुठल्याही तोंडाने असलो तरी मला सांगा.” मुलाला उभं करून पुन्हा तमाशा करू नये, लांबलचक भाषणही नको. आणि पायाने सारलेली पेटी? तिचाही उल्लेख हवा. तिथल्या बायकांना शब्दांपेक्षा ती जास्त आठवत असेल.

दुरुस्ती झाली हे कशावरून ओळखायचं

लोक हसून बोलतात यावरून नाही. हसणं भीतीतूनही येतं. वाईट बातमी किती लवकर पोचते, यावरून.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या इस्पितळांत परिचारिकांच्या टीम अभ्यासल्या. ज्या टीमचं आपसात चांगलं जमतं त्यांच्या हातून औषधाच्या चुका कमी होत असतील, अशी तिची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर अर्थ लागला: तिथे लोक चुका उघड बोलत होते, इतर ठिकाणी लपवत होते. दादाने हे लक्षात ठेवायला हवं, कारण माफीनंतर पहिल्या आठवड्यात शेडमध्ये अचानक जास्त चुका होताहेत असं त्याला वाटू शकतं. चुका तेवढ्याच असतात, आता त्या त्याच्यापर्यंत यायला लागलेल्या असतात.

त्याने वहीत आणखी एक रकाना घालावा: आज मला कोणी काय बिघडल्याचं सांगितलं, आणि ते बिघडल्यानंतर किती वेळाने. कोणीच काही सांगितलं नाही असे दिवस सलग आले, तर शेड बिनचूक चाललीय असं समजू नये. मी शेडमध्ये शिरलो की बोलणं थांबतं का? काकींचा निरोप मुकादमामार्फत फिरून येतो का? या खुणा असतील तर दुरुस्ती अजून झालेली नाही.

खरी परीक्षा मात्र एका विशिष्ट क्षणी होते: माफीनंतरची पहिली वाईट बातमी, तीही वाईट वेळी. समजा साडेपाच वाजलेत, गाडी दारात उभी आहे आणि काकी म्हणतात, “दादा, ह्या चार पेटयेत डागी असत.” सगळ्या शेडचे कान तिकडे असतात. दादाचा आकडा त्या क्षणी पाच असणार, हे त्याने धरूनच चालावं. त्याच्याकडे आधीच ठरवलेलं वाक्य हवं: “बरा केलास सांगितलंस. खंयच्यो? चल बघूया.” आवाज थोडा ताठ राहिला तरी चालेल. चार पेट्या उतरवाव्या लागल्या तर उतरवायच्या, गाडी दहा मिनिटं थांबेल. त्या दिवशी काकींना उलट उत्तर मिळालं, तर आदल्या आठवड्याची माफी कोणाच्या हिशेबात राहत नाही.

काही मर्यादाही आहेत. हात उगारला जातो, वस्तू फेकल्या जातात, घरीही हेच चालतं, राग दारूच्या बरोबरीने येतो किंवा महिनोन्महिने झोप नाही आणि कशातच मन लागत नाही, असं असेल तर वही आणि श्वास पुरणार नाहीत. चिडचिड हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं, आणि पुरुषांमध्ये ते रागाच्या आडून येऊन बऱ्याचदा ओळखलं जात नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. दुसरी मर्यादा मालकाच्या बाजूची आहे. आठ माणसांचं काम पाच जणांत करून घेतलं जात असेल, तर सुपरवायझरला राग आवरायला शिकवणं म्हणजे मूळ बिघाडावर पांघरूण घालणं. तिथे मालकाशी माणसांच्या संख्येबद्दलच बोलावं लागेल.

आणि दादा पुन्हा ओरडला तर? बहुधा ओरडेलच, एवढ्या वर्षांची सवय एका हंगामात सुटत नाही. दुसऱ्यांदा माफी मागावी, पण तीच वाक्यं पुन्हा वापरून चालत नाहीत. दुसऱ्या माफीबरोबर काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे. पुन्हा तीन ते सहाच्या दरम्यानच झालं असेल, तर त्या वेळेतली गाडी आणि दलालाचे फोन मुकादमाकडे द्यावेत आणि दादाने फक्त माल बघावा. तेवढं करून पुढच्या दोन आठवड्यांचे तीन वाजताचे आकडे मागच्या आकड्यांशेजारी ठेवून बघावेत. ते उतरले नसतील तर फोन हे कारण नव्हतं, आणि वहीत दुसरीकडे शोधावं लागेल.